भिशी मधेच सोडताना भरलेल्या हप्त्यांचा हिशोब कसा करायचा

भिशी सोडायची म्हटली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. सोडणारा म्हणतो, "माझे भरलेले पैसे परत द्या." भिशी चालवणारी म्हणते, "पैसे भिशीत आहेत, भिशी संपली की मिळतील." दुसरं वाक्य ऐकायला रास्त वाटतं, पण भिशीत पैसे नसतात. दर महिन्याला जमा झालेली रक्कम त्याच दिवशी ज्याचा नंबर लागला त्याच्या हातात जाते आणि डबा पुन्हा रिकामा होतो. तुमचे पैसे आत्तापर्यंत ज्यांनी भिशी उचलली त्यांच्याकडे आहेत आणि ते पुढच्या हप्त्यांतून थोडे थोडे परत येणार आहेत. एवढं ध्यानात घेतलं की पैसे कुणाकडून, कधी आणि किती मिळू शकतात हे कागदावर मांडता येतं.

इथे मुख्यतः चिठ्ठ्या टाकून नंबर काढायच्या भिशीचा विचार केला आहे. सोसायटीत, चाळीत, ऑफिसात किंवा बाजारपेठेतल्या गाळेवाल्यांत चालते ती. बोलीच्या भिशीचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल. बचत गटाची वर्गणी मात्र यात धरू नका. तिथे गटाच्या नावानं बँकेत खातं असतं आणि सोडण्याचे नियमही वेगळे असतात.

आधी आपण कोणत्या बाजूला आहोत ते बघा

तुमचा नंबर लागून गेला असेल तर खऱ्या अर्थानं भिशी सोडता येत नाही, कारण तुम्ही देणेकरी आहात. १२ जणांची, ५,००० रुपयांची भिशी आहे, तिसऱ्या महिन्यात तुम्ही ६०,००० उचलले आणि आजवर ५ हप्ते भरले, म्हणजे २५,००० गेले. उरलेले ३५,००० तुम्ही द्यायचे आहेत. ते एकदम देऊन मोकळे व्हा किंवा दरमहा भरत राहा. बदली होणं किंवा गावाला जाणं हे हप्ता थांबवायचं कारण होत नाही, आता हप्ता फोनवरून कुठूनही भरता येतो.

नंबर लागलाच नसेल तर तुम्ही घेणेकरी. या लेखातली खरी अडचण यांचीच आहे.

वरचंच उदाहरण धरून चालू. १२ सभासद, हप्ता ५,०००, दर महिन्याची भिशी ६०,०००. पाच महिने झाले, पाच जणांना भिशी लागली. तुम्ही २५,००० भरले आणि काहीच उचललेलं नाही. ज्या पाच जणांनी उचलली, त्यांनीही प्रत्येकी २५,००० भरले आणि ६०,००० घेतले, म्हणजे प्रत्येकाकडे ३५,००० बाकी. पाच जणांचे मिळून १,७५,०००. आता न लागलेल्यांकडे बघा. तुम्ही धरून सात जण, प्रत्येकी २५,०००, म्हणजे पुन्हा १,७५,०००. दोन्ही बाजू बरोबर जुळतात. भिशी कोणत्याही महिन्यात थांबवून हा हिशोब मांडला तरी तो जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर कुणाचा तरी हप्ता थकला आहे किंवा मधे काहीतरी गडबड आहे. भिशी सोडायचा विषय काढायच्या आधी घरी बसून हा ताळा करून घ्या.

पहिला मार्ग: पुढचा नंबर मागून घ्या

बहुतेकांना हा सुचत नाही, पण सगळ्यांत स्वच्छ हाच. सहाव्या महिन्याची चिठ्ठी न टाकता ती भिशी सर्वांच्या संमतीनं तुम्हाला द्यायची, आणि तुमचे उरलेले सगळे हप्ते त्यातूनच वळते करून घ्यायचे.

६०,००० मधून सहाव्यापासून बाराव्यापर्यंतचे तुमचे सात हप्ते, म्हणजे ३५,००० वजा करा. उरले २५,०००. तुम्ही भरले होते तेवढेच, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. आठ महिने झाल्यावर हे केलं तर नवव्या भिशीतून चार हप्त्यांचे २०,००० वजा होऊन ४०,००० हातात येतात, आणि तुम्ही आठ हप्त्यांचे ४०,०००च भरलेले असतात. हे दरवेळी असंच जुळतं.

आता प्रत्यक्ष पैसे कसे फिरतात ते बघा. सहाव्या महिन्यात तुम्ही हप्ता देणार नाही, म्हणून बाकी ११ जणांचे ५५,००० जमा होतील. त्यातले २५,००० तुम्हाला. उरलेल्या ३०,००० मधून सातव्यापासून बाराव्यापर्यंत दरमहा ५,००० तुमच्या नावानं भरायचे आहेत. हे ३०,००० सहा महिने चालवणाऱ्याकडे पडून राहिले तर नवा धोका उभा राहतो, आणि लोकांना तो नको असतो. त्यापेक्षा ज्या सहा जणांचा नंबर अजून लागायचा आहे, त्यांना आजच प्रत्येकी ५,००० वाटून टाका. त्यांच्या त्यांच्या महिन्यात ११ जणांचे ५५,००० मिळतील. आजचे ५,००० आणि तेव्हाचे ५५,००० मिळून त्यांचे ६०,००० पूर्ण. कुणाकडे काही पडून राहत नाही, कुणाची भिशी लहान होत नाही, आणि वेळापत्रकही तेच राहतं.

यात बाकीच्यांचं नुकसान एवढंच की सहाव्या महिन्याला कुणाला नंबर लागायची आशा असेल तर ती जाते. एखाद्या वहिनींना मुलाच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची असेल तर त्यांना सहावा द्या आणि तुम्ही सातवा घ्या. मग तुमचा आणखी एक हप्ता जाईल, पण तोही परत मिळेल. बैठकीत हे तोंडी सांगू नका. वहीच्या एका पानावर आकडे मांडून सगळ्यांपुढे ठेवा, कारण "हिला मधेच भिशी देऊन टाकली" एवढंच ऐकलं की लोक बिथरतात.

दुसरा मार्ग: तुमच्या जागी दुसरा माणूस

नवा माणूस तुम्हाला २५,००० एकरकमी देतो, तुमचा नंबर घेतो, पुढचे सात हप्ते भरतो आणि त्याचा नंबर लागला की ६०,००० उचलतो. आधीपासूनचा एखादा सभासदही दोन नंबर घेऊ शकतो, फक्त चिठ्ठ्यांत त्याचं नाव दोनदा टाकायचं.

तीन गोष्टी आधीच ठरवा. पैसे तो थेट तुम्हाला देणार, चालवणाऱ्याच्या हातून नाही. अमुक महिन्यापासून हप्त्याची जबाबदारी त्याची, हे चालवणाऱ्यानं ग्रुपवर लिहायचं. नाहीतर त्यानं दोन महिन्यांनी हप्ता बुडवला की लोक तुमच्याच दारात येतात, कारण त्यांच्या लेखी सभासद तुम्हीच. तिसरी गोष्ट म्हणजे घासाघीस. घाई दिसली की "वीस हजारांत देत असाल तर घेतो" असं लोक म्हणतात. वास्तविक त्याला कमी किमतीची गरज नाही. २५,००० देऊन तो एका दमात तुमच्या जागेवर येतो आणि पुढच्याच महिन्यात त्याला सातातला एक असा मोका मिळतो. पैशांची फारच निकड असेल तर अर्ध्या हप्त्यापर्यंत उतरायला हरकत नाही. त्याखाली जायचं असेल तर त्याआधी तिसरा मार्ग बघा.

तिसरा मार्ग: अकरा महिन्यांत संपवून बारावा तुमचा

पुढचा नंबर द्यायला कुणी तयार नाही, बदली माणूसही मिळत नाही, आणि तुम्हाला पुढचा हप्ता भरणं शक्य नाही, अशा वेळी हा मार्ग.

तुम्ही बाहेर पडलात, राहिले ११. दरमहा ५५,००० जमा होतील. नंबर लागायचे सहा जण आहेत, त्यांची भिशी सहाव्या ते अकराव्या महिन्यात संपेल. त्या सहा जणांनी प्रत्येकी ११ हप्ते, म्हणजे ५५,००० भरले आणि ५५,०००च घेतले. त्यांचा हिशोब चुकता. पण पहिल्या पाच जणांनी मात्र ६०,००० घेतले आणि ५५,०००च भरले. प्रत्येकाकडे ५,००० जास्त राहिले. हे पाच गुणिले पाच हजार म्हणजे तुमचे २५,०००. म्हणून बाराव्या महिन्यात फक्त त्या पाच जणांनी हप्ता भरायचा आणि तो तुम्हाला द्यायचा.

"मधेच सोडली, आता एक हप्ता बुडाला" असं कुणी म्हटलं तर हाच हिशोब पुढे ठेवा. सुरुवातीलाच तसा नियम ठरलेला असेल तर तो मान्य करावा लागेल. ठरलेला नसेल तर कापायला आधारच नाही, कारण तुमच्या जाण्यानं कुणाचा रुपयाही बुडालेला नाही. तुमचा हप्ता कापला तर पहिल्या पाचांपैकी एकाला ५,००० फुकट मिळतात, बाकी काही होत नाही. चालवणारी दर भिशीमागे हजार रुपये घेत असेल तर तुमच्या २५,००० वर ती त्याच प्रमाणात सव्वाचारशेच्या आसपास मागू शकते. पूर्ण हजार नाही.

या मार्गात दोन दुखण्याच्या जागा आहेत. उरलेल्या सहांना ६०,००० ऐवजी ५५,००० मिळणार, आणि कुणी बरोबर ६०,०००चा खर्च धरून बसलं असेल तर ते कुरकुरणार. दुसरी जागा जास्त नाजूक आहे. बाराव्या महिन्यापर्यंत बाकी सगळ्यांचं भागलेलं असतं, त्यामुळे त्या पाच जणांच्या मागे लागायला तुमच्याशिवाय कुणी उरत नाही. भिशी संपल्यावरचे पैसे बुडतात ते बहुधा इथेच.

यावर उपाय म्हणून शेवटचं येणं पुढे ओढून घ्यायचं. सहाव्या ते दहाव्या महिन्यात दरमहा जमणाऱ्या ५५,००० मधून ५,००० तुम्हाला आणि ५०,००० नंबर लागलेल्याला. तुमचे २५,००० दहाव्या महिन्यातच पूर्ण होतात. अकराव्या महिन्यातल्या शेवटच्या माणसाला सरळ ५५,०००. बाराव्या महिन्यात पहिले पाच जण आपापले ५,००० त्या पाच जणांना देतात, एकास एक, कुणी कुणाला द्यायचे ते आजच लिहून. धोका एकावर पडत नाही, पाच जणांत वाटला जातो. हे मागायला तुमचे हप्ते वेळेवर भरलेले असावे लागतात. दर महिन्याला फोन करून वसूल करावे लागणाऱ्याला अशी सवलत कुणी देत नाही.

पहिली भिशी चालकाची असेल तर

बऱ्याच ठिकाणी पहिल्या महिन्याची भिशी चिठ्ठी न टाकता चालवणाऱ्यालाच मिळते, मेहनताना म्हणून. मग पहिला देणेकरी तोच असतो आणि वरच्या हिशोबात त्याचेही ५,००० येतात. "मी फक्त पैसे गोळा करतो, माझा संबंध नाही" हे म्हणणं अशा भिशीत चालत नाही. तिसऱ्या मार्गानं जायचं ठरलं तर पाच वेगवेगळ्या लोकांच्या शब्दावर राहण्यापेक्षा चालवणाऱ्याकडूनच २५,००० ची एकच लेखी हमी तारखेसह घ्यावी. त्यानं मग इतरांकडून वसूल करावं. लोक त्याचं ऐकतात, तुमचं ऐकतीलच असं नाही.

बोलीच्या भिशीत काय मागायचं

२० जण, ५,००० चा हप्ता, एक लाखाची भिशी, आणि ज्याला निकड तो बोली लावून कमी घेतो. पहिल्या चार महिन्यांत १८,०००, १६,०००, १५,००० आणि ११,००० सुटले असं धरू. ते वीस जणांत वाटले म्हणजे माणशी ९००, ८००, ७५० आणि ५५०, मिळून ३,०००. तुमचे हप्ते कागदावर २०,००० चे, पण खिशातून गेले १७,०००.

भांडण या ३,००० वर होतं. सोडणारा २०,००० मागतो, ते चूक, कारण तेवढे त्यानं दिलेच नाहीत. उलट बाजूनं काही जण १७,००० मधून नफ्याचे ३,००० आणखी कापतात. पण तो नफा आधीच हप्त्यातून वजा झालेला आहे. मधेच सोडल्यास नफा परत घ्यायचा असं सुरुवातीला ठरलं असेल तरच १४,००० देणं योग्य. काही ठरलेलं नसेल तर १७,००० मागा आणि तिथेच थांबा.

पहिला मार्ग इथे वापरू नका. पाचव्या महिन्यात २०,००० सोडून ८०,००० उचलले, तर पुढचे १५ हप्ते, म्हणजे ७५,००० पर्यंतचं देणं डोक्यावर बसतं. पुढचा नफा त्यातून थोडा वजा होईल, पण किती ते आज कुणी सांगू शकत नाही. यातून बाहेर पडणं होत नाही, उलट नवं कर्ज होतं. इथे बदली माणूस शोधणंच बरं.

सांगायचं कसं, आणि लिहून काय घ्यायचं

पुढच्या हप्त्याच्या किमान पंधरा दिवस आधी सांगा. हप्त्याच्या दिवशी सांगितलं की त्या महिन्याची भिशी अडते आणि सगळ्यांचा राग तुमच्यावर निघतो. आधी प्रत्यक्ष भेटून बोला, मग त्याच दिवशी व्हॉट्सअपवर लिहा. असं काहीतरी:

"ताई, आज बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. माझे जानेवारी ते मे असे ५ हप्ते, एकूण २५,००० रुपये भरून झाले आहेत. मला अजून भिशी लागलेली नाही. जूनपासून मला हप्ता भरणं जमणार नाही. जूनची भिशी मला देऊन उरलेले हप्ते त्यातून वळते करावेत, किंवा माझ्या जागी दुसरा सभासद घ्यावा. वरचा आकडा बरोबर आहे ना, तेवढं कळवा."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्यावर आलेलं नुसतं "हो, बरोबर" हे उत्तर तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा पुरावा. चॅट पुसू नका, आणि फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या. ऑनलाइन भरलेल्या हप्त्यांसाठी बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. रोख भरलेल्यांसाठी चालवणाऱ्याच्या वहीतल्या पानाचा फोटो, ज्यात तुमच्या नावापुढे महिन्यांच्या खुणा दिसतात.

पैसे लगेच मिळणार नसतील तर वचनचिठ्ठी घ्या. त्यावर रक्कम अंकात आणि अक्षरात, तारीख, रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर आडवी सही. "भिशीचे येणे" असं न लिहिता "इतके रुपये देणे आहे, मागताच देईन" एवढंच लिहिलेलं बरं. पैसे मिळाल्यावर तुम्हालाही पावती द्यावी लागेल. ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो.

आणि निघताना तुमचे कागद परत घ्या. काही भिश्यांत सुरुवातीलाच सही केलेले कोरे चेक घेऊन ठेवतात. हिशोब मिटला आणि चेक तिकडेच राहिला, तर वर्षभरानंतर त्यावर रक्कम टाकून तो बँकेत गेल्याची भानगड होऊ शकते. तुम्ही दुसऱ्या कुणाला जामीन राहिला असाल तर भिशी सोडल्यानं ती जामिनकी सुटत नाही. ती उतरवल्याचं वेगळं लिहून घ्या.

भिशीच डळमळते आहे असं वाटलं तर

लागलेली भिशी त्याच दिवशी पूर्ण न देता "वीस आत्ता घ्या, बाकी पुढच्या आठवड्यात" असं सुरू झालं, किंवा चिठ्ठ्या सगळ्यांसमोर न काढता नाव थेट ग्रुपवर यायला लागलं, की सावध व्हा. म्हणून हप्ता मात्र एकदम बंद करू नका, कारण तसं केलं की थकबाकीदार तुम्ही ठरता आणि तुमचंच बोट तुमच्याकडे वळतं. त्याऐवजी ग्रुपवर लिहा की या महिन्यापासून हप्ता ज्याचा नंबर लागेल त्याच्या खात्यात थेट जमा करेन. आणि खरोखर तसंच करा. प्रामाणिक चालवणाऱ्याला यात अडचण नसते. ज्याला असते, त्याच्याकडचा पैसा दुसरीकडे फिरत असण्याची शक्यता मोठी.

कायद्याचा आधार किती

फारसा नाही, हे आधीच जाणून असावं. १९८२ च्या चिट फंड कायद्यात बोलीची भिशी बसते, आणि सरकारची पूर्वपरवानगी व नोंदणी नसताना ती चालवायला मनाई आहे. सगळ्यांना पाळीपाळीनं पूर्ण रक्कम मिळते आणि पुढचे हप्तेही भरावे लागतात अशी चिठ्ठीची भिशी मात्र त्या कायद्यातल्या चिटच्या व्याख्येबाहेर राहते. नोंदणीकृत चिटचा सभासद चिट निबंधकाकडे वाद नेऊ शकतो, घरगुती भिशीवाल्याला तो रस्ता जवळपास बंद. "पोलिसांत जाते" ही धमकीही जपून वापरा. हिशोबाच्या नुसत्या वादात पोलीस बहुधा दिवाणी बाब म्हणून हात झटकतात, आणि बोलीच्या भिशीत नोंदणीचा प्रश्न निघाला तर चालवणारी अडचणीत येते व तुमच्यासकट सगळ्यांचे पैसे अडकतात. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता असं दिसत असेल, म्हणजे एकाच वेळी कित्येक भिश्या चालवून माणूस पळाला असेल, तर मात्र बाकी सभासदांना घेऊन पोलिसांकडे जायलाच हवं.

त्याआधीचा कामाचा रस्ता म्हणजे तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीत तडजोडीसाठी अर्ज करता येतो, आणि तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. स्त्रियांना इथली कायदेविषयक मदत उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मिळते. पैसे वसुलीच्या दाव्याला मुदत साधारणपणे तीन वर्षांची. ती संपायच्या आत समोरच्यानं देणं लेखी कबूल केलं तर मुदत त्या दिवसापासून नव्यानं मोजतात. दिलेला चेक वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे देण्यासाठी असतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. यातली एक तारीख जरी चुकली तरी प्रकरण अडचणीत येतं, म्हणून मेमो हातात आला त्याच आठवड्यात वकील गाठा.